छोटीचा बंद फोन

आक्कांचा मेसेज आला तेव्हा काटेसाहेब शर्टाला इस्त्री करत होता. कुठे जायचं होतं असं नाही. पण बायको गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत त्याने इस्त्री एकदाही चुकवली नव्हती. तेवढाच अर्धा तास जायचा.

काटेसाहेब हे त्याचं नाव नव्हे. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारण्याच्या नोकरीत त्याने चौतीस वर्षं काढली. त्यामुळे आळीने हे नाव ठेवलं आणि पुढे बायकोही त्याच नावाने चिडवू लागली.

त्याने इस्त्री उभी केली आणि फोन हातात घेतला. आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, सहा तासांच्या अंतरावर एकट्या राहणाऱ्या. कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून फोन उचलतच नसत. "लिहा, मी वाचते," असं त्यांचं म्हणणं. गेल्या चाळीस दिवसांत मात्र त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं आणि त्याचं कारण त्याला ठाऊक होतं. बायको गेल्यावर दीड महिना आक्का रोज काही ना काही पाठवायच्या. अमुक पाण्याने साखर जाते, तमुक तारखेपासून नोटा बंद होणार. एका सकाळी त्याने वैतागून लिहिलं होतं, "आक्का, असल्या अफवा मला पाठवत जाऊ नका." त्यानंतर आक्कांचं पाठवणं थांबलं ते थांबलंच.

आज एक फोटो आला होता. स्क्रीनचाच काढलेला. त्यात मोठ्या अक्षरांत होतं: "आनंदाची बातमी! जोडीदार गमावलेल्या ज्येष्ठांना सरकारकडून दरमहा पाच हजार. आजच शेवटचा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत. खालच्या लिंकवर नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक भरा. दहा जणांना पाठवा." मजकुराच्या डोक्यावर दोन बाण होते आणि बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हा अनेक वेळा फॉरवर्ड झालेला आहे.

फोटोखाली आक्कांचे शब्द होते: "भाऊजी, मी माझा फॉर्म भरला. बँकेचा सहा आकडी नंबर मागतायत. तो छोटीच्या फोनवर येतो. तिचा फोन चालू करून तेवढा नंबर सांगा. तीनदा 'पुन्हा पाठवा' दाबून झालं. मग तुमचाही भरते. रागावू नका."

 छोटी म्हणजे त्याची बायको. आक्कांचं बँकेचं सगळं तीच बघायची. आक्का नंबर विसरतात म्हणून खात्याला तिने स्वतःचाच मोबाइल नंबर जोडून दिला होता. तो फोन आता कपाटाच्या खणात बंद पडून होता.

त्याने लिहिलं, "नंबर अजिबात मिळणार नाही." पुसलं. "तुम्हाला किती वेळा सांगितलं" हेही पुसलं. मग पाठवलं, "आक्का, थांबा. आता काहीही दाबू नका. अर्ध्या तासात सगळं लिहितो."

दोन टिका आल्या, निळ्या झाल्या. आक्का वाट बघत बसल्या होत्या.

फोटो खोटा आहे हे त्याला पाहताक्षणीच कळलं होतं. पण नुसत्या नजरेने काटा खोटा ठरवायचा नाही, आपलं वजन घालून बघायचं, ही जन्माची सवय. त्याने चष्मा लावला. आधी लिंक. तिच्या सुरुवातीला सरकारी खात्याचं नाव होतं, मग आडवी रेघ, मग "योजना". माणूस सुरुवात वाचतो आणि भुलतो. बघायचा असतो तो नावानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवट. सरकारी पत्त्यांचा शेवट ठरलेला असतो आणि तो कुणालाही विकत मिळत नाही. इथला शेवट चिल्लर दुकानासारखा होता, कुणीही घ्यावा असा. मजकुरात आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, कुठल्या कचेरीत अर्ज करायचा ते नाही. नुसतं "आज". काल वाचणाऱ्याला काल 'आज' होता, उद्या वाचणाऱ्याला उद्या 'आज' असेल.

लिंकला त्याने हात लावला नाही. सरकारी खात्याचा पत्ता स्वतः टाइप केला, योजनांची यादी उघडली आणि तिथे दिलेल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. बऱ्याच वेळाने एका मुलीने उचलला.

"पाच हजारांचं विचारताय ना काका?" त्याने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळपासून तेविसावे तुम्ही. नाही हो अशी योजना. निराधारांसाठी एक आहे, पण तिला उत्पन्नाचा दाखला लागतो, अर्ज कागदावर, कचेरीत द्यायचा. फी नाही. मुदत नाही. आणि आम्ही फोनवर आलेला नंबर कधी मागत नाही. तुम्ही भरला नाहीत ना?"

"मी नाही. माझ्या मोठ्या मेव्हणीने भरलाय. खाते क्रमांकासकट. शेवटचा नंबर तेवढा दिला नाही."

"मग नशीब काढलंत. आत्ताच्या आत्ता बँकेत जायला सांगा त्यांना."

तीन वाजायला दहा मिनिटं होती. आक्कांची बँक त्यांच्याच रस्त्याला, चार वाजता बंद होणारी.

तो लिहायला बसला आणि अडला. हे काम कधी त्याचं नव्हतंच. आक्कांचं असलं काही आलं की बायको स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून हाक मारायची, "काटेसाहेब, हे तोलून द्या." तो तोलून द्यायचा. मग ती आपल्या पद्धतीने कळवायची. काय लिहायची कोण जाणे, आक्का कधी रुसल्या नाहीत एवढं खरं. तेच त्याने एकट्याने कळवलं, तर चाळीस दिवस घरात कुणाचा शब्द नाही.

बोलायचं कसं ते सापडेना, म्हणून त्याने फोटो पुन्हा उघडला. आणि या वेळी मजकूर सोडून कडा बघितल्या.

फोटोत सगळ्यात वर नाव होतं: छोटी.

मजकूर उजव्या बाजूला होता. म्हणजे तो आक्कांना आलेला नव्हता, आक्कांनी पाठवलेला होता. छोटीला. कोपऱ्यात एकच करडी टिक होती. पाठवलं, पोचलं नाही. त्याच्या वर एक मेसेज अर्धा कापला गेला होता: "...उशी घेऊन झोपले. आज गुडघा जरा बरा आहे." वेळ सकाळी सहा दहा. तारीख आजची. तिथेही एकच टिक.

 तो उठला आणि त्याने कपाटाचा खण उघडला. बायकोचा फोन तिच्या चष्म्याशेजारी होता. चार्जरही तिथेच होता, वायर नीट गुंडाळलेली, तिनेच गुंडाळलेली. दहा मिनिटं लावला तर चालू होईल. घरचं नेट आपोआप पकडेल. न पोचलेले मेसेज तीस दिवसच टिकतात, तेवढ्यातलं जे अडकून राहिलं असेल ते धडाधड येईल. त्या दोघींचं बोलणं. घरात इतक्या दिवसांनी तिच्या फोनचा आवाज होईल. त्याचा अंगठा बटणावर होता.

पण मग तिकडे आक्कांच्या फोनवर एकाच्या दोन टिका होतील. आणि पुन्हा तो सहा आकडी नंबर आला, आक्कांनी पुन्हा गळ घातली, तर आपल्याला नाही म्हणता येईल का, याची त्याला खात्री वाटेना. त्याने फोन होता तसा चष्म्याशेजारी ठेवला आणि खण लावला.

मग त्याने लिहिलं:

"आक्का, गुडघा आज बरा आहे ना? असेल तर आत्ता लगेच बँकेत जा, चारच्या आत. पासबुक आणि ओळखपत्र घ्या. तिथे सांगा, एका खोट्या फॉर्मवर खाते क्रमांक दिला गेला, खातं थोडं थांबवा. आणि तिथला मोबाइल नंबर बदलून तुमचा स्वतःचा घालून घ्या. ही योजना नाही. मी सरकारी खात्याला फोन करून विचारलं. फसलेल्या तुम्ही एकट्या नाही, सकाळपासून तेवीस जणांनी विचारलं. तो सहा आकडी नंबर फॉर्मचा नसतो, बँकेचा असतो. पैसे खात्यात यायला तो कधीच लागत नाही. जायलाच लागतो. छोटीचा फोन बंद होता म्हणून तुमचे पैसे वाचले. मी रागावलेलो नाही. मागे रागावलो ती माझी चूक झाली. रिक्षाने जा."

निळ्या टिका आल्या. पण उत्तर आलं नाही.

साडेतीन झाले, चार झाले. त्याने राहिलेल्या शर्टाला इस्त्री केली, मग इस्त्री केलेल्याच एकाला पुन्हा केली. आक्का रुसून घरीच बसल्या असतील तर? फॉर्मवाल्यांनी सरळ मेसेज करून गोड बोलायला सुरुवात केली असेल तर? एकदा त्याने त्यांना फोन लावूनही पाहिला. वाजून वाजून बंद झाला.

पाच वाजून गेल्यावर अक्षरं उमटली.

"आले जाऊन. बँकेतल्या बाई चांगल्या होत्या. खातं थांबवलंय. नवा नंबर उद्या लागेल. पैसे आहेत तेवढे आहेत. मला म्हणाल्या, आजी, तो शेवटचा नंबर दिला नाहीत, हुशार आहात. मी म्हटलं, हो."

तो एकटाच हसला. स्वतःचा आवाज त्याला मोठा वाटला.

पुन्हा अक्षरं आली. "हा निरोप एका वेळी एकालाच जातो म्हणे. छोटीला गेला. मग तुम्हाला फोटो काढून पाठवला. शेजारणीने शिकवलंय." मग थोडं थांबून, "भाऊजी, गुडघ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोटोत वर अर्धी ओळ आली आहे."

पलीकडून काहीतरी टाइप होत होतं, थांबत होतं, पुन्हा होत होतं.

"वेडी म्हणाल."

"नाही म्हणत."

"ती गेली हे मला कळतं. पण एकच टिक दिसते ना, तर वाटतं अजून वाटेत आहे. तिचा फोन चालू करू नका."

"नाही करत," त्याने लिहिलं. खण लावलेला आहे ना, ते मान वळवून बघितलं.  मग लिहिलं, "मलाही पाठवत जा. खरं-खोटं मी बघेन."

"तुम्ही रागावता."

"रागावलो तर छोटीला सांगा."

 त्याला वाटलं, लिहू नये ते लिहून बसलो. बाहेर समोरच्या बाल्कनीतली बाई वाळलेले कपडे काढत होती. तिचे सगळे कपडे काढून झाले, ती आतही गेली.

मग आक्कांकडून एक हसरा चेहरा आला. त्याच्या पाठोपाठ लांबलचक मजकूर. डोक्यावर दोन बाण. रोज उलटं चालल्याने गुडघेदुखी कशी कायमची जाते, याबद्दल. आणि खाली आक्कांची ओळ: "हे तोलून द्या."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.