देशिंगकरांचं पुस्तक

गुरुवारी सकाळी मी दुकानाचं कुलूप काढते न काढते तोच आबासाहेब मास्तर पायरीवर हजर. बसा म्हटलं तर बसेनात. एकदा घड्याळ बघायचे, एकदा सात रस्ता चौकाकडे तोंड करून उभे राहायचे.

हे करकंबचे. शाळेत मास्तर. मेंढपाळांच्या स्थलांतरावर त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला होता आणि त्याची एकशे बारा पानं मी मूळ प्रत आणि तीन कार्बन लावून टाइप केली होती. शनिवारी दुपारच्या आत तो कोल्हापूरला विद्यापीठात पोचायला हवा होता. नाही पोचला तर वर्ष गेलं, आणि जूनमध्ये नोकरी कायम व्हायची ती राहिली.

"अक्का, शेवटची संदर्भग्रंथांची यादी तेवढी राहिलीय की," मास्तर म्हणाले.

"द्या मग. अर्ध्या तासात देते."

"माझ्याकडं कुटं हाय? तुमीच घाला. तुमी एवढे प्रबंध टाइप केले, पंधरा-वीस नावं तुमाला तोंडपाठ असतील."

माझं डोकं फिरलं. "मास्तर, जेवलात तुम्ही आणि ढेकर मी देऊ? काय वाचलंत ते मला काय ठाऊक?"

ते खाली मान घालून वही काढू लागले. वाचलं होतं हो त्यांनी. वाचनालयात बसून वहीभर उतारे काढले होते, पण कशातून काढले ते एकाही पानावर लिहिलं नव्हतं. असली चूक मास्तर मंडळीच करतात. पोरांना सांगतात नाव-वर्ग आधी लिहा म्हणून, आणि स्वतः वरचा मथळा कोराच ठेवतात.

"मग हे बगा," ते म्हणाले आणि पिशवीतून एक बांधलेला प्रबंध काढला. "आमच्या दोस्ताचा, मानसिंगचा. विषय जवळचाच हाय. ह्यातलीच यादी उतरवा. कोण बगतंय?"

मानसिंगना मी ओळखत नव्हते. तो प्रबंध टाइपही दुसरीकडे झाला होता. मी शेवटचं पान उघडलं. बारा पुस्तकं. सातव्यावर माझं बोट थांबलं.

'देशिंगकर, वि. म., माणदेशचे पशुधन आणि पडीक राने, पुणे, १९५८, पृ. ६४.'

हे पुस्तक जगात नाही. मला कसं ठाऊक? कारण ते मी लिहिलंय. म्हणजे पुस्तक नाही, फक्त हे नाव.

सहा वर्षांपूर्वी अण्णाराव नावाचे एक गृहस्थ असेच घाईत आले होते. त्यांच्या यादीत अकरा पुस्तकं होती आणि मार्गदर्शकांनी डझन तरी हवीत म्हणून बजावलेलं. रडकुंडीला आले होते बिचारे. मी म्हटलं, थांबा. आधी टाइप केलेल्या एका यादीतलं आडनाव, दुसऱ्यातलं गाव, शीर्षक मनानं जुळवलं. पान कुठलं घालायचं? आमच्या घराचा नंबर चौसष्ट, तोच घातला. अण्णाराव पेढे घेऊन आले होते. मी ते मिटक्या मारत खाल्ले, हेही सांगून टाकते.

आता ते नाव अण्णारावांच्या यादीतून मानसिंगच्या यादीत आलं होतं. मी हावऱ्यासारखी मागची पानं उलटली. एका जागी चक्क लिहिलेलं, 'देशिंगकरांच्या मते या भागातील मेंढपाळ १८७६ च्या दुष्काळानंतरच बाहेर पडू लागले.' नसलेल्या माणसाला मतही फुटलं होतं!

आणि एकदम मला मास्तरांचं एकाहत्तरावं पान आठवलं. टाइप करताना डोकं कुठे चालतं, बोटंच चालतात. पण वाक्य बोटांच्या लक्षात होतं. मी कार्बन प्रत काढून मोठ्यानं वाचली: "केराबाई यांच्या कथनानुसार त्यांच्या कुळाची वाट दुष्काळाच्या आधीची आहे. परंतु एका अभ्यासकाच्या मते स्थलांतर दुष्काळानंतर सुरू झाले. सबब हे कथन ग्राह्य धरता येत नाही."

"हा अभ्यासक कोण, मास्तर?"

"त्योच की. देशिंगकर."

"वाचलाय तुम्ही?"

"न्हाय. मानसिंगनं लिवलंय म्हणून..."

"आणि केराबाई?"

मास्तर पहिल्यांदा खाली बसले. "म्हातारी लई पक्की हो अक्का. म्हणाली, माझ्या सासऱ्याचा आजा दुकाळाच्या आधी वाटंवरच जलमला. कुटल्या वड्याकाठी, ते बी सांगितलं. मी म्हणालो, आजी, पुस्तकात तसं न्हाय. तर म्हणाली, पुस्तकवाला व्हता का तितं?"

मला रडू आलं, आणि रागही आला, तो माझाच. मी त्यांना सगळं सांगितलं. चौसष्ट नंबरसकट. मास्तर डोळे फाडून ऐकत राहिले. मग एकदम उसळले, "म्हंजे तुमच्या लबाडीपायी मी त्या म्हातारीला खोटी पाडली?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "आता रागवा नाहीतर उठा. दीड दिवस आहे."

दुकान बंद करून आम्ही वाचनालयात गेलो. मास्तरांनी वहीतला एकेक उतारा वाचायचा, मी कपाटातून पुस्तकं काढून जुळवायचं. नुसतं शीर्षक सापडून भागत नव्हतं, तीच ओळ त्याच पुस्तकात दिसली तरच नाव, वर्ष, पान लिहून घ्यायचं. संध्याकाळपर्यंत चार पुस्तकं लागली. दोन उतारे कशातच सापडले नाहीत. मास्तर काकुळतीला आले, "वाचलंय हो मी, देवाशपथ!"

"शपथेला पान नंबर नसतो. ती दोन वाक्यं काढा."

शुक्रवारी सकाळी सहालाच मी यंत्रापुढे बसले. एकाहत्तरावं पान पुन्हा टाइप करायचं, पण ओळी तेवढ्याच ठेवून. एक ओळ वाढली तर पुढची सगळी पानं सरकणार. अभ्यासक गेला आणि त्याच्या जागी ओढा आला, सासऱ्याचा आजा आला. बरोब्बर बसलं. काढलेल्या वाक्यांची पानंही तशीच जुळवली.

शेवटचं पान. संदर्भग्रंथ: चार. खाली दुसरा मथळा, मुलाखती: नऊ. नाव, गाव, तारीख. पहिलं नाव केराबाई, मग बिरप्पा, मग बाकीचे.

"चारच पुस्तकं बगून नापास केलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"केलं तर केलं," मी म्हटलं, पण मलाही धाकधूक होतीच. बांधणी करून ते दुपारच्या एस.टी.ला पळाले. मानसिंगचा प्रबंध टेबलावरच विसरले.

पुढचे दोन महिने तो प्रबंध माझ्याकडे बघत होता. मी त्याच्यावर कधी डबा ठेवायची, कधी कोरे कागद. मास्तरांना खरं वागायला लावलं, आणि मी? अण्णारावांचा प्रबंध कॉलेजच्या कपाटात होताच. उद्या आणखी कोणी उघडणार होतं.

मे महिन्यात मास्तरांचं कार्ड आलं. पास झाले होते. 'परीक्षक म्हणाले, पुस्तकं कमी आहेत. मग अर्धा तास केराबाईंबद्दलच विचारत बसले. मी येत्या बाजाराच्या दिवशी म्हातारीकडे जाणार आहे. आजी, प्रबंधात तुमचं नाव हाय, म्हणून तिला सांगणार, आणि माफी मागणार.'

मी कार्ड दोनदा वाचलं. मग यंत्रात कागद घातला, तीन कार्बन लावले. एक प्रत अण्णारावांना, एक मानसिंगना, दोन त्या दोन्ही कॉलेजांच्या ग्रंथपालांना.

'आपल्याकडील प्रबंधाच्या संदर्भसूचीत देशिंगकर यांचे जे पुस्तक नोंदवले आहे, ते अस्तित्वात नाही. ते नाव मी रचले. कृपया तशी नोंद प्रबंधावर करावी.'

खाली सही केली. सहीखाली पत्ता टाइप करायचा होता. घर नंबरपाशी बोटं अडली. मग मी एकेक आकडा जोरात दाबला, चारही प्रतींवर नीट उमटावा म्हणून.