तीन सेकंदांचं हसू

नेव्हिलने कॅनडाहून वडिलांचे व्हिडिओ पाठवले, तेव्हा डेल्फिन साकीनाक्याच्या स्टुडिओत एका साबणाच्या जाहिरातीत फेस वाढवत बसली होती. स्टुडिओ म्हणजे एका जुन्या गाळ्याच्या पोटमाळ्यावरच्या चार खुर्च्या आणि चार कॉम्प्युटर. खाली लेथ मशीन चालायचं, म्हणून वर सगळेच कानांत गाणी लावून काम करायचे.

नेव्हिल तिचा शेजारी. मरोळच्या गावठाणात दोघांची घरं समोरासमोर, मधे फक्त गल्ली. त्याचे डॅडी, लेस्टर अंकल, जाऊन महिना होत आला होता. महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये नाश्ता ठेवला होता आणि तिथल्या टीव्हीवर नेव्हिलला काहीतरी लावायचं होतं.

"फोटो नको यार," तो फोनवर म्हणाला. "फोटोत डॅडी मेल्यासारखे वाटतात. तू ते करतेस ना, व्हिडिओचा छोटा तुकडा, जो चालतच राहतो? तसं कर. डॅडी हसतायत, बस्स. मला सुट्टी मिळत नाहीये, निदान एवढं तरी करू दे."

"करते रे. त्यात काय!"

काम खरंच तिच्या हातचं होतं. जाहिरातींसाठी ती रोज असे तुकडे करायची: कपातून निघणारी वाफ, वाऱ्यावर हलणारी साडी. युक्ती सगळी सांध्यात असते. तुकड्याची शेवटची फ्रेम पहिलीशी जुळली तर बघणाऱ्याला कळतही नाही की तो पुन्हा सुरू झाला. नाही जुळली तर दर वेळी झटका बसतो.

नेव्हिलने पाठवलेले बहुतेक व्हिडिओ लग्नांतले होते. लेस्टर अंकल म्हणजे गावठाणाचा आवाज. लग्नाच्या आदल्या रात्री विहिरीवरून वाजतगाजत आणायच्या उंबराच्या पाण्यापासून वरातीपर्यंत गाणी तेच उचलायचे, आणि मातीचं घुमट वाजवायला हातात आलं की त्यांना थांबवणं त्यांच्या बायकोला, तेरेसा आंटीलाही जमायचं नाही. पण त्या व्हिडिओंत सगळ्यांचे हात थरथरत होते, मधेच कुणाचं तरी डोकं यायचं. तीन सेकंद चेहरा एका जागी मिळेना.

एकच व्हिडिओ स्थिर होता. अंकल आजारी पडल्यानंतरचा, घरातला. फोन कशाला तरी टेकवून ठेवला असावा. खिडकीचा उजेड बरोबर चेहऱ्यावर, मागे फुलाफुलांचा पडदा. अंकलचे डोळे कॅमेऱ्याच्या शेजारी कुणाकडे तरी लागलेले. आणि एका ठिकाणी त्यांचे ओठ हलले, डावा कोपरा वर गेला, डोळे बारीक झाले. वाकडं, मिस्कील हसू.

"हेच," डेल्फिन स्वतःशी म्हणाली.

तिने तेवढा तुकडा कापला; हनुवटीखाली कुणाची तरी बोटं दिसत होती, ती चौकटीबाहेर ठेवली. पुढे अंकलचा चेहरा अचानक खाली जात होता, तिथून पहिल्या फ्रेमशी सांधा जुळणं शक्य नव्हतं. म्हणून त्याच्या आधीच तिने कात्री लावली आणि तुकडा सरळ चालवून मग उलटा चालवला. ओठ हलतात, हसू येतं, हसू परत मिटतं, पुन्हा येतं. वळणाच्या जागी एकच फ्रेम दोनदा येऊन अडखळत होती, ती एक काढून टाकली आणि वेग थोडा हळू केला. मागचा पडदा उलटा हलताना विचित्र दिसत होता, म्हणून फक्त पडदा एका फ्रेमवर गोठवला. आता नुसता चेहरा जिवंत होता.

हॉलचा टीव्ही पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ परत सुरू करताना मधे काळा पडदा दाखवतो, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने तोच तुकडा एकापुढे एक जोडत तासाभराची फाइल केली. नेव्हिलला व्हॉट्सॲपसाठी छोटं स्टिकर करून दिलं. आवाजाचा प्रश्नच नव्हता. स्टिकरला आवाज नसतो, आणि हॉलमध्ये नाश्त्याच्या गडबडीत ऐकणार कोण? आवाजाची पट्टी तिने सुरुवातीलाच काढून टाकली होती. एकदाही ऐकली नव्हती.

काम इतकं सफाईदार झालं की तिने ते आपल्या पेजवर टाकलं. खाली लिहिलं, "सांधा शोधून दाखवा." संध्याकाळपर्यंत भरपूर लाइक पडले.

मिस्साच्या दिवशी हॉल भरला होता. केक, पॅटिस, चहा. भिंतीवरच्या टीव्हीत लेस्टर अंकल हसत होते.

"काय गोड हसतोय बघ," कुणीतरी म्हणालं.

"अगदी जिवंत वाटतो."

"डेल्फिनने केलंय. पोरगी हुशार आहे हां."

डेल्फिन चहाचा कप घेऊन तेरेसा आंटीकडे गेली. आंटी टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या. डेल्फिनला वाटलं, रडू येत असेल. तिने खुर्ची ओढली.

"आंटी, बघितलं का? नेव्हिलने मुद्दाम करून घेतलं."

आंटींनी कप घेतला.  मग हळूच विचारलं, "याचा आवाज कुठे आहे गं?"

"आवाज नसतो आंटी यात. नुसतं चित्र असतं."

"बरं झालं," आंटी म्हणाल्या. त्यांनी कप तसाच खाली ठेवला. "तो हसत नाहीये, डेल्फी."

"म्हणजे?"

"ती बोलायला शिकवणारी बाई यायची ना, तिने सांगितलं होतं, रोज माझं नाव म्हणायला लावा. मी त्याची हनुवटी धरून बसायचे. मला दोन्ही हात लागायचे, म्हणून फोन औषधाच्या बाटलीला टेकवला होता. तो 'तेरेसा' म्हणायचा प्रयत्न करतोय. 'ते'सुद्धा येत नाहीये त्याला. उजवी बाजू हलत नव्हती, म्हणून तोंड असं वाकडं होतंय." आंटी हलकेच म्हणाल्या. जवळून माणसं जात होती. "आणि त्यानंतर तो रडला. ते तू कापलंस वाटतं."

डेल्फिन खुर्चीत वळली. तिने टीव्हीकडे पाहिलं आणि आता तिला हसू दिसेना. माणूस तोंड उघडत होता, नाव ओठांशी येत होतं, आणि तिने उलट्या चालवलेल्या फ्रेम ते नाव परत घशात ढकलत होत्या. पुन्हा, पुन्हा, सगळ्या गावठाणासमोर.

ती उठली. टीव्हीमागे हात घालून तिने पेनड्राइव्ह खेचला. पडदा निळा झाला.

"अरे, का बंद केलं? छान होतं ना!" मागून कुणी ओरडलं.

"टीव्ही गरम झालाय," ती म्हणाली. एवढंच सुचलं. आंटींकडे परत जायचं तिला धैर्य झालं नाही. ती मागच्या दाराने बाहेर गेली, स्कूटरींच्या मधे उभी राहिली आणि फोनवर मूळ व्हिडिओ लावला. या वेळी आवाजासकट.

आधी आंटींचा आवाज होता, लहान मुलाशी बोलावा तसा. "म्हण. ते... रे... सा. बघ माझ्याकडे. ते..." मग एक घोगरा, तुटका आवाज. कोणतंच अक्षर नसलेला. ज्याच्या आवाजाने लग्नाची वरात हलायची, त्याचा. मग पुन्हा आंटी, "राहू दे. राहू दे रे राजा. उद्या म्हणू." आणि रडणं.

डेल्फिनने पेजवरचा व्हिडिओ काढून टाकला. काढताना शेवटची कॉमेंट दिसली, "सांधा सापडला नाही, उस्ताद!" 

स्टिकर मात्र तिच्या हातात राहिलं नव्हतं. नेव्हिलने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि तिथून ते वसईपासून दुबईपर्यंत पोचलं होतं. कुणी कुणाला गुड मॉर्निंग म्हणून पाठवत होतं, कुणी वाढदिवसाला. ज्यांचे नंबर होते त्यांना तिने एकेकाला मेसेज केला, "प्लीज हे वापरू नका, काढून टाका." कुणी अंगठा दाखवला. कुणी विचारलं, का? 

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ती समोरच्या घरात गेली. आंटी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होत्या. डेल्फिन दारातच उभी राहिली.

"आंटी, मी ऐकलंच नव्हतं. ऐकायला हवं होतं. एकदा आवाज वाढवला असता तरी..." तिने मान खाली घातली. "माझं चुकलं."

"तू मुद्दाम थोडंच केलंस?"

हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट मान आणखी खाली गेली. "मी ते माझ्या पेजवर पण टाकलं होतं," ती म्हणाली. "लोकांनी वाहवा करावी म्हणून."

आंटींचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ती नजर डेल्फिनला झेलवली नाही. मग त्यांनी पुन्हा सुरी उचलली. "नेव्हिलला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याला मी हा व्हिडिओ तेव्हाच पाठवला होता. म्हटलं, बघेल, ऐकेल, येईल. त्याने लाल बदाम पाठवला. लिहिलं, 'डॅडी हसतायत, सो हॅप्पी.' आता त्याला कशाला?"

 नेव्हिलनेही तेच केलं होतं जे डेल्फिनने केलं. फक्त तेव्हा अंकल जिवंत होते.

तिने सांगितलं नाही. पण नेव्हिल गप्प बसणारा नव्हता. ग्रुपवर कुणीतरी त्याला तिचा मेसेज दाखवला आणि त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. "स्टिकर का काढायला सांगतेस? मम्मीला आवडलं नाही का?"

"नाही आवडलं. तू काढून टाक, प्लीज."

"अगं पण का? इतकं मस्त जमलंय..."

"नेव्हिल, मला विचारू नकोस."

त्याने फोन ठेवला. त्या संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. 

"मी ओरिजिनल लावला आज," तो म्हणाला. "मोठ्याने."

डेल्फिनने खोलीचं दार लावून घेतलं.

"मम्मीने पाठवला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. आवाज बंद करून बघितला. मग परत बघितलाच नाही. हसतायत म्हणून खूश झालो. यायचं तिकीटसुद्धा बघितलं नाही मी." त्याचा आवाज फुटला. "तुला पण कळलं नाही?"

"मी पण आवाज लावला नव्हता रे."

"ती काही बोलली नाही मला. महिनाभर रोज बोलतो आम्ही. जेवलास का, थंडी आहे का... ती एक शब्द बोलली नाही."

"तू तिला फोन कर," डेल्फिन म्हणाली. "आत्ता कर."

"काय बोलू?"

"मला माहीत नाही. काय बोलायचं ते मलाही काल जमलं नाही."

फोन ठेवून ती खिडकीशी आली. गल्लीपलीकडे तेरेसा आंटींच्या खोलीत दिवा होता. तिकडे फोन वाजला. आंटींनी पदराला हात पुसले, नंबर बघितला, चष्मा लावून पुन्हा बघितला. या वेळी नेव्हिल कधी फोन करत नसे.

"हां, बोल राजा," त्या म्हणाल्या.

मग त्या हळूहळू पलंगावर बसल्या आणि फोन कानाला लावून ऐकत राहिल्या. डेल्फिनने खिडकी ओढून घेतली. तिथे तिने बघू नये, एवढं तरी तिला कळत होतं.