खात्रीचं वजन

माझा धंद्यातला पहिला नियम असा की शंका आली तर आधी काट्यावर घ्यायची, माणसावर नंतर. गेली तेरा वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करते आणि तपासून शिक्का देते. भाजीवाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांचे. सोनाराचा काटा नाजूक असतो, भंगारवाल्याचा निबर असतो, आणि घरोघरी न्हाणीघराबाहेर पडलेला तो गोल तबकडीचा काटा निव्वळ थापाड्या असतो. त्याची स्प्रिंग दमट हवेत रुसते, थंडीत आखडते. त्यामुळे टेस्ट ट्यूब बाळासाठी क्लिनिकमध्ये माझी बीजं काढून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या काट्याने मला दीड किलोनं जाड ठरवलं, तेव्हा मी त्याला शिवी घातली आणि पेचकस घ्यायला गेले.

बीजं काढली ती गुरुवारी. त्याआधी दहा-बारा दिवस पोटात सुया टोचून घेत होते. चौकोनी चष्म्याच्या आमच्या डॉक्टरबाईंनी एकोणीस बीजं काढली. मला वाटलं, बाई शाबासकी देतील. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"एकोणीस म्हणजे जरा जास्तच झाली," त्या म्हणाल्या. "अंडाशयं चेकाळलीत तुमची. ती सुजून पोटात पाणी साठू शकतं. रोज सकाळी वजन आणि पोटाचा घेर कळवायचा. दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या, धाप, पोटात जास्त दुखलं, यातलं काहीही झालं तर लगेच फोन. जड उचलायचं नाही, अंडाशयाला पीळ बसेल. दुखलं तर फक्त ही लिहून दिलेली गोळी, दुसरी कुठलीही नाही."

"आणि मंगळवार?" मी विचारलं. पाचव्या दिवशी, मंगळवारी, गर्भ आत ठेवायचा होता.

"मंगळवार तुमची तब्येत ठरवेल. गडबड वाटली तर मी ठेवणार नाही. गोठवून ठेवू, दोन-तीन महिन्यांनी बघू."

दोन-तीन महिने. मी चाळिशीला टेकलेली, आधीचे दोन प्रयत्न पाण्यात गेलेले, आणि ही बाई माझ्याशी महिन्यांच्या गोष्टी करत होती. मला मंगळवार हवा होता. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तर शुक्रवारी सकाळी काट्यावर साडेबासष्ट. आदल्या दिवशी क्लिनिकमध्ये एकसष्ट भरले होते, आणि तो काटा दोन महिन्यांपूर्वी मीच तपासून दिलेला, म्हणजे त्याच्यावर संशयच नको. राहिला आमचा थापाड्या. काटा तपासायचा तर खात्रीचं वजन लागतं. माझ्याकडे दुकानात वीस-वीस किलोची शिक्क्याची वजनं आहेत, पण जड उचलायचं नाही म्हणून बाईंनी बजावलेलं. मग घरात खात्रीचं वजन कोण? मी. काल एकसष्ट, म्हणजे आजही एकसष्ट. मी काट्यावर उभी राहिले, वाकून बाजूची शून्य जुळवायची चकती फिरवली, काटा एकसष्टवर आणून ठेवला आणि क्लिनिकच्या सिस्टरला कळवलं: एकसष्ट. ही सिस्टर रोज साडेआठला मेसेज करायची, मी तिला हजेरीबाई म्हणायचे. तिचा अंगठा आला. घेराचं विचारलं तेव्हा टेप सापडत नाही म्हणून ठोकून दिलं.

शनिवारी परत साडेबासष्ट. परत चकती. मी उतरल्यावर रिकामा काटा शून्याच्या पार मागे जाऊन बसलेला मला दिसत होता. कुणा गिऱ्हाइकाकडे असा काटा दिसला असता तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं. इथे म्हटलं, स्प्रिंग गेली. परत कळवलं: एकसष्ट. परत अंगठा.

तोवर पोट तटतटून आलं होतं. सलवारीची नाडी बसेना म्हणून नवऱ्याची ढगळ पँट चढवली. ओटीपोटात दोन्ही बाजूंनी ठणकत होतं, चालताना तर कुणीतरी आत लिंबं हलवतंय असं वाटायचं. दोन घास खाल्ले की मळमळ. मी स्वतःला सांगितलं, सुई टोचल्यावर दुखणारच. आमच्या सासूबाईंनी वेगळाच अर्थ काढला. त्या माझ्या पोटाकडे बघून गालातल्या गालात हसायला लागल्या.

"दिसायला लागलं गं," त्या म्हणाल्या.

"आई, अजून काही ठेवलेलंच नाहीये आत. ते सगळं तिकडे काचेच्या बशीत आहे."

"मला नको शिकवू. तीन बाळंतपणं काढलीत मी." आणि त्यांनी माझ्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली. उशीचं मात्र बरं झालं, कारण आडवं पडलं की मला धाप लागायला लागली होती. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी काटा बघितलाच नाही, मनाने एकसष्ट कळवून टाकलं. दिवसभरात लघवीला फक्त दोनदा गेले, तीही चहासारखी गडद. सोमवारी पहाटे पोट एवढं ताणलं होतं की कूस बदलता येईना. उठले, काट्यावर गेले. परत साडेबासष्ट. दोन दिवसांचं मिळून दीड, म्हणून मी जरा खूशच झाले. चकती फिरवून एकसष्टवर आणली.

तेवढ्यात आमचे हे आले. हे मोटार ड्रायव्हिंग शिकवतात. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेक दाबायची इतकी सवय की टीव्हीवर गाडी जोरात गेली तरी पाय दाबतात. माझ्याबरोबर आपणही काहीतरी सोसावं म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यापासून रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं होतं. मी उतरले तसे ते काट्यावर चढले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"साडेसत्याहत्तर," ते म्हणाले. "गेल्या सोमवारी ब्याऐंशी होतो. साडेचार किलो उतरवले मी. आहेस कुठे?"

"बघू बघू," म्हणत सासूबाई आल्या. त्या काही सोडत नाहीत. चष्मा लावून चढल्या. "साडेएकोणपन्नास. पंधरा दिवसांपूर्वी चोपन्न होते. मी तर काही कमी खाल्लं नाही बाई."

हे साडेचार. त्या साडेचार. मी भिंतीला धरून उभी होते. दोन माणसांचं वजन एकाच वेळी तंतोतंत साडेचार किलो उतरलं असेल तर दोघांनाही काही झालेलं नसतं. काटा कुणीतरी साडेचारने मागे ओढलेला असतो. तीन सकाळी, दीड-दीड करून. आणि ज्या वजनाला खात्रीचं धरून ओढला, ते वजनच चार दिवसांत साडेचार किलोनं फुगलेलं होतं. तेरा वर्षं मी लोकांना ज्या चुकीबद्दल दंड होईल म्हणून दरडावते, ती मी स्वतःच्या अंगावर केली होती.

"अहो, गाडी काढा," मी म्हटलं.

"कुठे जायचंय?"

"क्लिनिकला. काटा बरोबर होता. मी चुकले."

त्यांना काही कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून त्यांनी पँटही न बदलता किल्ली घेतली. सासूबाई मागच्या सीटवर येऊन बसल्या, कुणी बोलावलं नव्हतं तरी. वाटेत मी दोघांना सगळं सांगितलं. हे ऐकून घेत होते आणि गाडी स्वतः चालवत असूनही शेजारी बसल्यासारखा डावा पाय आपटत होते. सासूबाई एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "एवढी शिकलेली, आणि अक्कल कुठे शेण खायला गेली होती?" प्रश्न बरोबर होता.

हजेरीबाईने मला दारात बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिने मला त्यांच्या काट्यावर उभं केलं. साडेपासष्ट. तिने फोन काढून माझे सगळे एकसष्ट एकसष्ट मला दाखवले. डॉक्टरबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी सोनोग्राफी लावली आणि पडदा माझ्याकडे वळवला. एरवी बदामाएवढी असतात म्हणे अंडाशयं. माझी प्रत्येकी संत्र्याहून मोठी, आणि भोवती काळंकाळं पाणी. रक्त तपासलं तर दाट झालेलं.

"रक्तातलं पाणी झिरपून पोटात उतरलंय," त्या म्हणाल्या. "म्हणून वजन चढलं आणि लघवी आटली. दाट रक्ताच्या गुठळ्या होतात. पायात होते, फुप्फुसात जाते. आणखी दोन दिवस घरी काढले असते तर मी तुमच्याशी बोलत असते की नाही, मला माहीत नाही."

हे खुर्चीत बसले होते ते उभे राहिले, परत बसले.

"दाखल करून घेते. सुईने पाणी काढू, सलाईन, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन. आणि उद्याचं रद्द. सगळे गर्भ गोठवायचे. इथे सही करा."

मी कागदाकडे बघितलं. इतकं सगळं ऐकूनही माझ्या तोंडातून काय निघावं? "बाई, पाणी आज काढा ना. उद्या एकच ठेवा. फक्त एक."

"तो राहिला तर त्याचंच हार्मोन ह्या अंडाशयांना आणखी पेटवेल. आज आहे ते आठवड्यात ओसरेल. गर्भ राहिला तर मात्र हेच कित्येक आठवडे चालेल, आणि यापेक्षा वाईट."

"पण राहील तरी ना?"

मग आमच्या ह्यांनी, ज्यांना मी सोळा वर्षांत गाडीखेरीज कशावरही ठाम बोलताना ऐकलेलं नाही, पेन उचलून माझ्या बोटांत दिलं.

"मला मूल हवंय," ते म्हणाले. "तुझ्याइतकंच हवंय. पण तुझ्या बदल्यात नकोय. कर सही."

मी त्यांचा राग केला, त्या क्षणी खराखुरा राग केला, आणि सही केली.

दुपारी सुईने सव्वादोन लिटर पाणी काढलं. पिवळट, नळीतून बाटलीत उतरत होतं. मी आडवी पडून चार दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेतला आणि तो घेताना मला कळलं की मी किती घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारीच, हजेरीबाई लॅबचा निरोप घेऊन आली. सहा गर्भ पाचव्या दिवसापर्यंत चांगले वाढले, सहाही गोठवले. ती हसत होती. हे खिडकीपाशी डोळे पुसत होते. सासूबाई पलंगाशेजारी बसून माझे पाय चेपत होत्या, गुठळीचं ऐकल्यापासून त्यांनी ते सोडलेच नव्हते. ह्याच बाई गेली आठ वर्षं येईल त्याला सांगत आल्या होत्या की नातवंड बघितल्याशिवाय मी काही जायची नाही. मला वाटलं, आता विचारतील, मुलगे किती नि मुली किती.

त्यांनी मान वर केली नाही.

"सहा राहू देत तिथे गारठ्यात," त्या हजेरीबाईला म्हणाल्या. "हिला घरी कधी सोडताय ते सांग."