टीव्हीवरचं बारसं

नातीचं बारसं पुण्यात होतं आणि मी दुधनीत. "पोरानं लई आग्रह केला, पण माझे गुडघे साथ देत न्हाईत," असं मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. गुडघ्यांचा यात काडीचाही दोष नव्हता.

माझ्या लेकानं, अभिमन्यूनं, कार्यक्रमाच्या थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवली होती. दुपारी चारपाच बायका माझ्याकडं जमल्या. शेजारची संस्कृती कॉलेजात शिकते, ती टीव्ही जोडायला आली. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर घेऊन म्हणाली, "काकू, कास्ट करते. टीव्ही नेटवरनं व्हिडिओ स्वतःच घेतो. तुमी फोन बंद करून ठेवला तरी चालतंय."

"आन् अभिमन्यूचा फोन आला तर? टीव्हीवर दिसंल?"

"न्हाय. ते मिररिंगमदी दिसतंय. त्यात फोनवरचं समदं जसंच्या तसं तिकडं जातं. मेसेजसुद्धा."

"मग तेच लाव की."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली, पण तिनं मिररिंग लावलं. पाळणा झाल्यावर फोन करतो, असं अभिमन्यू म्हणाला होता. त्याचं नाव एवढ्या मोठ्या पडद्यावर यावं आणि साऱ्यांनी वाचावं, एवढीच माझी हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात.

नातीला पाळण्यात घातलं. इकडं आमच्या बायकांनीही टीव्हीसमोर पाळणा म्हटला. शेजारच्या काशम्मानं डोळ्यांना पदर लावला. मला खरंच वाटलं, मी तिथंच आहे.

तेवढ्यात पडद्यावर वरच्या बाजूला अभिमन्यूचं नाव आलं. फोन नव्हता, मेसेज होता.

"आई, आज फोन जमणार नाही. घरात जागा नाही म्हणून तुला येऊ नको म्हटलं, ते मनावर घेऊ नको."

अक्षरं वितीएवढी होती. मी फोनवर बोट फिरवून ती घालवली, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. कुणी डोकं खाजवलं, कुणी चहाचा कप उगाच फिरवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

काशम्मा कानडी; तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिनं विचारलं, "एनु? लेकानं काय लिवलंय?"

मग संस्कृती म्हणाली, "काकू जेवल्या का, विचारतोय."

"गुणाचं पोर हाय," काशम्मा म्हणाली. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. त्या माना मला मेसेजपेक्षा जास्त लागल्या.

"संस्कृती, ते दुसरं लाव," मी म्हणाले.

तिनं मिररिंग तोडलं आणि कास्ट लावलं. मी फोन बंद करून मांडीवर पालथा ठेवला. माझ्याकडून काहीच न घेता टीव्ही चालू राहिला, आणि पुण्यात माझ्या नातीच्या कानात कुणीतरी तिचं नाव सांगितलं.