चौकशी केली जाईल

चंद्रकुमार सर जिथे जातील तिथे त्यांच्या शुद्ध मराठीचा बोलबाला असे. बुकिंग ऑफिसात अर्ज लिहायचा असो की कुणाच्या निवृत्तीचं मानपत्र, लोक त्यांच्याकडेच येत. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं आसगाव त्यांचं गाव. पण रेल्वेतल्या तिकीट क्लार्कच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गावची बोली अशी झटकून टाकली होती, की नवीन माणसाला ते पुण्याकडचेच वाटायचे. त्यांनाही ते आवडायचं.

म्हणून नागपूरहून साहेब पाहणीला येणार असं कळलं, तेव्हा स्टेशन मास्तरांनी सहायता केंद्राच्या फलकाचं काम त्यांच्यावरच सोपवलं. केंद्राचं टेबल एक नंबर फलाटावर, फाटकातून आत आलं की समोरच. वरच्या जुन्या पाटीवर केंद्राचं नाव तिन्ही भाषांत होतंच. खाली लोकांना बोलावणारी एक ओळ हवी होती, मराठीत आणि हिंदीत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे थांबावं, विचारावं.

चंद्रकुमारांनी दोन दिवस डोकं लावलं आणि लिहिलं:

‘या, आपले स्वागत आहे. येथे आपली आस्थेने चौकशी केली जाईल.’

खाली हिंदीत: ‘आइए, आपका स्वागत है। यहाँ आपसे सहृदयता से पूछताछ की जाएगी।’

सहायता केंद्रावर बसायची ती रक्षा. नाकाडोंगरीची पोरगी, नोकरीला अजून वर्ष झालं नव्हतं. तिनं कागद वाचला आणि जरा चुळबुळली.

“सर, चौकशी तं आपण कोणावर बसवतो नं? आणि पूछताछ पोलीसवाले करतात. साधं ‘काही विचारायचं आहे का? या, विचारा’ असं लिहिलं तर?”

खिडकीवरचे दोघे क्लार्क ऐकत होते. चंद्रकुमार हसले.

“रक्षा, आस्थेने चौकशी करणं म्हणजे मायेनं विचारपूस करणं. जरा वाचन वाढव. आणि हे रेल्वेचं स्टेशन आहे, तुमच्या नाकाडोंगरीची चावडी नाही.”

दोघे क्लार्कही हसले. रक्षाचे कान लाल झाले. तिनं कागद परत दिला.

फ्लेक्स छापून आला. छापणाऱ्यानं तो आपल्या मतानं सजवला होता. ‘स्वागत’ झेंडूच्या माळेत, ‘आस्थेने’ आणि ‘सहृदयता से’ नाजूक वळणदार अक्षरांत. ‘चौकशी केली जाईल’ आणि ‘पूछताछ की जाएगी’ मात्र वीतभर लाल अक्षरांत. चंद्रकुमारांना तो छान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून एक बाई आत आली. पन्नाशीची, अंगावर कोरं लुगडं, हातात कापडी पिशवी. ती एक नंबरवर बसली. गोंदियाची गाडी त्या दिवशी तीन नंबरवर येणार होती. तसं लाऊडस्पीकरवरून सांगितलंही गेलं, पण नेमकी तेव्हाच मालगाडी धडधडत गेली. बाईनं शेजारच्याला काही विचारलं. त्यानं सहायता केंद्राकडे बोट केलं. बाई उठली, टेबलाजवळ आली आणि फलकासमोर उभी राहून एकेक अक्षर लावत वाचू लागली. मग पिशवी छातीशी धरून मागे फिरली.

रक्षा तेव्हा एका म्हाताऱ्याला व्हीलचेअर देत होती. चंद्रकुमारांनी मात्र खिडकीतून सगळं पाहिलं. बाईनं फलक पूर्ण वाचला, याचंच त्यांना कौतुक वाटलं. खेड्यातली बाईही थांबून वाचते आहे, असं मनात म्हणत ते तिकिटांकडे वळले.

गाडी तीन नंबरवर आली आणि गेली. बाई बसूनच होती.

अर्ध्या तासानं रक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. चंद्रकुमारही सहज म्हणून मागून गेले.

“मावशी, कुठं जाऊन राहिल्या?”

“गोंदियाले. गाडी येवाचीच आहे अजून.”

“ते तं गेली नं, मावशी. तीन नंबरवरून गेली.”

बाईचा हात पिशवीवर घट्ट झाला. “गेली? माया भावाच्या पोराचं बारसं आहे वो आज. बारा वाजता. मी आत्या. मलेच कानात नाव सांगाचं आहे.”

“मग मले काहून नाही विचारलं? मी तं इथंच होती.”

बाईनं एकदा चंद्रकुमारांच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आली होती बाई. पण तिथं लिहून आहे, चौकशी केली जाईल. मागच्या साली आमच्या घरकुलाची चौकशी आली. तीन साहेब. कागद सारे बरोबर होते, तरी दोन घंटे दारात उभी ठेवली मले. गावभर झालं, धुरपतावर चौकशी बसली. म्हटलं, पुन्हा ते नको.” मग ती चंद्रकुमारांकडे वळून हात जोडून म्हणाली, “माफ करा साहेब, मले जास्त वाचता येत नाही. माईच चूक झाली.”

‘ते मी लिहिलंय’ एवढंच चंद्रकुमारांना म्हणायचं होतं, पण ते त्यांना जमलं नाही. रक्षा त्यांच्याकडे बघत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी बाईला पुढच्या गाडीचं तिकीट स्वतः काढून दिलं. ती गाडी दुपारी एक वाजल्यानंतर होती. नंबर विचारून तिच्या भावाला फोन लावला, बारसं थोडं थांबवा म्हणून विनवलं. पलीकडे बराच गलका होता. पाहुणे आले होते, मुहूर्त होता. बाराला दहा मिनिटं असताना भावाचाच फोन आला: धाकट्या बहिणीनं कानात नाव सांगितलं, ताईला सावकाश येऊ द्या.

धुरपताबाईनं ऐकलं. “झालं नं,” ती म्हणाली. “लेकराले नाव भेटलं. बस.” आणि पदरानं तोंड पुसलं.

आता चंद्रकुमार तिच्यासमोर वाकले. कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडून गावची बोली निघाली, तीही अडखळत. “बाई, चूक तुमची नाही जी. ते म्याच लिहिलं. या पोरीनं सांगतलं होतं मले, म्या नाही ऐकलं.”

बाई कसनुसं हसली. साहेबाला काय म्हणावं हे तिला सुचलं नसावं. गाडी आल्यावर रक्षानं तिला डब्यात बसवलं. चंद्रकुमार फलाटावर उभे राहिले. खिडकीतून तिनं हात हलवला तो रक्षाला.

त्यांनी फ्लेक्स स्वतः उतरवला. दुसऱ्या दिवशी नवा लागला:

‘नमस्कार. काही विचारायचं आहे? या, विचारा.’
‘नमस्ते। कुछ पूछना है? आइए, पूछिए।’

पाहणीच्या दिवशी साहेब तिथे थांबले. “वा, सीधी बात. किसने लिखा?”

“हमारे चंद्रकुमारजी ने, सर. भाषा के पंडित हैं,” स्टेशन मास्तर म्हणाले.

साहेबांनी पाठ थोपटली. रक्षा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. चंद्रकुमारांनी तोंड उघडलं आणि नुसतं हसून दिलं. घोळका पुढे सरकला. तो पाण्याच्या नळापर्यंत पोचला, तेव्हा चंद्रकुमार धावत साहेबांच्या मागे गेले.

“सर, वो मैंने नहीं लिखा. रक्षा ने लिखा है. मेरावाला तो उतारना पड़ा.”

“अच्छा, अच्छा,” साहेब म्हणाले आणि नळ सोडून पाहू लागले.

चंद्रकुमार परत आले. रक्षा एका कुटुंबाला बल्लारशाच्या गाडीची वेळ सांगत होती. ते लोक जाईपर्यंत ते उभे राहिले.

“साहेबाला सांगितलं मी,” ते म्हणाले. “आधीच सांगायला हवं होतं. आणि त्या दिवशी, त्या दोघांच्या समोर, ती चावडीची गोष्ट…”

“हो, सर,” रक्षा म्हणाली. तिनं ‘असू द्या’ म्हटलं नाही. तेवढ्यात कुणीतरी काही विचारायला आलं, आणि ती तिकडे वळली.