कोपऱ्याचा शेवटचा धागा

गल्लीत तिला सगळे खिसेवाल्या काकू म्हणत. पंचवीस वर्षं तिनं एकाच सूटवाल्याकडे पँटचे मागचे खिसे आणि कोटाचे कंबरेचे खिसे शिवले होते. शर्टावर वरून थापलेला खिसा ती खिशात धरतच नसे. "तो काय, ठिगळ लावल्यासारखा लावला की झाला," म्हणायची. तिचा खिसा म्हणजे अखंड कापडाला मधोमध चीर देऊन, त्या चिरेच्या वर-खाली त्याच कापडाच्या दोन बारीक पट्ट्या बसवून केलेला. कोपरे काटकोनात आणि दोन्ही पट्ट्या मिटलेल्या ओठांसारख्या सपाट. कापड एकदा चिरलं की परतीची वाट नाही, म्हणून भलेभले शिंपी हे काम दुसऱ्याकडे सरकवतात. काकूकडे ते सरकत सरकत आलं आणि तिचंच होऊन बसलं.

मग सूटवाला म्हातारा झाला, त्यानं दुकान बंद केलं. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक मोठा कारखाना होता, तिथे खिशांच्या टेबलावर माणसं हवी होती. पण त्यांना शिवणकाम संस्थेचा दाखला लागे.

"पंचवीस वर्षं शिवलेत मी. आता कागद आणू?" काकू घरी येऊन फणफणली.

"आणू या की, आई," सून म्हणाली. "मीपण बसते परीक्षेला. दोघी जाऊ."

सून तीन वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा तिला साधी शिलाई येत होती. खिसा ती काकूकडूनच शिकली. शिकली म्हणजे, निम्मा शिकली. आखणं, पट्ट्या इस्त्री करून दुमडणं, शिवणं, सगळं ती नेटकं करायची. पण कात्री लावायची वेळ आली की काकूचा हात पुढे यायचा. "दे इकडे, वाट लावशील." कोपरे काकूच कापायची. कापड गिऱ्हाइकाचं असायचं, धोका कोण पत्करणार? सुनेनं घरी जुन्या चादरींच्या तुकड्यांवर सराव केला होता, पण काकू ते तुकडे लांबूनच बघायची आणि "हं" म्हणायची. त्या "हं"मधून सुनेला कधीच काही कळलं नव्हतं.

परीक्षा संस्थेच्या वरच्या मजल्यावर होती. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, चौदा मशिनं, भिंतीलगत इस्त्रीची चार टेबलं. प्रत्येकाला गडद निळ्या लोकरी कापडाचा, पँटच्या मागच्या भागाचा कापलेला तुकडा मिळाला. कापड सैल विणीचं होतं. काकूनं कडेचा एक धागा नखानं ओढून पाहिला, तो सरळ हातात आला.

"मुद्दाम उसवणारं दिलंय, लबाडांनी," ती पुटपुटली.

परीक्षक एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. "दोन तास. साडेपाच इंचाचा खिसा, दोन पट्ट्यांचा. एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या कामाला हात लावायचा नाही. जो लावेल तो बाहेर," त्या म्हणाल्या आणि घड्याळाकडे बोट केलं.

सुनेचं मशीन काकूच्या बरोबर समोर होतं.

काकूचे हात आपसूक चालू लागले. आधी कंबरेकडचा चिमटा, म्हणजे मापात बसण्यासाठीची बारीक चुणी, शिवून तो एका बाजूला इस्त्रीनं बसवला. मग कापडाच्या मागून पातळ बक्रम चिकटवलं, म्हणजे चीर दिल्यावर धागे पळत नाहीत. पुढून खडूनं खिशाची मधली रेघ आणि दोन्ही टोकांना उभ्या खुणा. एक इंच रुंदीच्या पट्ट्या दुमडून अर्ध्या इंचाच्या केल्या, त्या खिशाच्या रेघेवर समोरासमोर ठेवल्या, उघड्या कडा मधल्या रेघेला भिडवून. पट्टीच्या बरोबर मधून, घडीपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, अंतरावर शिलाई. खुणेवर सुरू, खुणेवर थांब, मागे दोन टाके घेऊन गाठ पक्की. तिनं कापड उलटून मागच्या बाजूनं पाहिलं: दोन शिलाया रुळांसारख्या समांतर, दोन्ही टोकांना एकाच पातळीवर संपलेल्या. शिलाई इथे एक टाका कमी-जास्त झाली की पुढे कोणताही हुशार हात खिसा सरळ करू शकत नाही, हे तिनं सुनेला शंभरदा सांगितलं होतं.

तिनं पट्ट्या बाजूला सारून मधोमध चीर दिली, दोन्ही टोकांपासून अर्धा इंच अलीकडे थांबली आणि तिथून तिरकी कात्री घालून चारी कोपऱ्यांत गेली. अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत. टाका कापला तर तिथे भोक पडतं. टाक्याच्या अलीकडे थांबलं तर पट्टी आत वळवल्यावर कोपरा चुरगळतो. तिची कात्री चारही वेळा नेमकी थांबली. पट्ट्या चिरेतून आत ओढल्या, टोकांचे छोटे त्रिकोण मागे सारले. समोर खिसा सपाट पडला.

शेजारच्या मशीनवरचा एक जाडजूड शिंपी मान वळवून बघत राहिला. काकूला बरं वाटलं. तासाभरातच तिनं त्रिकोण पट्ट्यांच्या टोकांना तीन-चारदा पुढे-मागे शिवून पक्के केले, आत अस्तराची पिशवी जोडली आणि भिंतीलगतच्या टेबलाशी जाऊन शेवटच्या इस्त्रीला लागली.

तेव्हा तिची नजर सुनेकडे गेली.

सुनेनं पट्ट्या आत वळवल्या होत्या. तीन कोपरे काटकोनात बसले होते. चौथा, वरचा डावा, चुरगळला होता. लहानशी सुरकुती होती, पण काकूला इस्त्रीच्या टेबलापासूनही दिसली. सुनेनं नखानं ती दाबली. पलीकडच्या इस्त्रीच्या टेबलावर ओल्या फडक्यातून वाफ देऊन जागेवर आली. सुरकुती हलली नाही.

'इस्त्रीनं जाणार नाही बाई ती,' काकू मनात ओरडली. 'परत उलट. एक धागा राहिलाय. एकच.'

सुनेनं मान वर केली. दोघींची नजरानजर झाली. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. घरी असती तर या क्षणी काकूनं कात्री तिच्या हातातून घेतली असती. आता मध्ये पाच पावलांची फरशी होती, आणि परीक्षक बाई फळ्याजवळ उभ्या राहून दोघींकडेच बघत होत्या. काकूनं चेहरा दगडासारखा केला. भुवईसुद्धा हलू दिली नाही. खूण करून पोरीला पास करायचं तर त्या पास होण्याला काय अर्थ?

सुनेनं नजर खाली घेतली. खिसा हळूच बाहेर वळवला. त्रिकोण बोटाच्या टोकावर ताणून धरला, कापड उजेडाकडे नेलं आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिली. मग छोटी टोकदार कात्री उचलली. तिनं कोपर टेबलावर टेकवलं, हात स्थिर होईपर्यंत थांबली. कात्रीचं फक्त टोक आत गेलं. कच्. एक धागा.

तिनं पट्टी परत आत ओढली.

कोपरा सुरीनं कापल्यासारखा उभा राहिला.

काकू मनात 'शाब्बास' म्हणाली, आणि त्याच वेळी नाकाला वास आला. लोकर तापल्याचा. तिनं खाली पाहिलं. इस्त्री खिशावर होती आणि मध्ये फडकं नव्हतं. पंचवीस वर्षांत तिनं गडद कापडावर उघडी इस्त्री ठेवली नव्हती. खिशाच्या खालच्या पट्टीवर तेलकट चकाकी आली होती. तिनं झटकन ओलं फडकं टाकून वाफ दिली, ब्रशनं घासलं. चकाकी बरीचशी गेली. जाणत्याला दिसेल एवढी राहिली.

"भोगा आता," ती स्वतःशीच म्हणाली. पण खरं सांगायचं तर तिला हसू येत होतं.

दुपारी परीक्षक बाईंनी एकेक तुकडा खिडकीपाशी नेऊन तपासला. मोजपट्टी लावून रुंदी मोजली. खिशात दोन बोटं घालून कोपरे ताणले. उलटून आतली शिलाई पाहिली. जाड्या शिंप्याच्या खिशाचे ओठ मध्ये तोंड वासून होते. त्याला बाईंनी सांगितलं की पट्ट्या अरुंद पडल्या. दुसऱ्या एकीचा कोपरा बोट लागताच उसवला, टाका कापला गेला होता.

मग काकूचा तुकडा. बाईंनी तो बराच वेळ हातात धरला.

"किती वर्षं शिवताय?"

"पंचवीस."

"दिसतंय. मग ही चकाकी कशी आली?"

"लक्ष नव्हतं, बाई."

"कुठे होतं?"

काकूनं समोरच्या मशीनकडे हनुवटी केली. "तिच्याकडे."

बाईंनी सुनेचा खिसा उचलला. मोजला, ताणला, उलटला. वरच्या डाव्या कोपऱ्याशी त्यांची नजर थांबली. "हा दुसऱ्यांदा कापलाय."

सून उठून उभी राहिली. "हो. पहिल्यांदा कमी कापला होता. सुरकुती पडली."

"बहुतेक जण इस्त्रीनं दाबून देतात आणि आम्हाला दिसणार नाही असं समजतात. तुम्ही परत उघडलात. भीती नाही वाटली?"

"वाटली ना. हात बघा अजून."

बाई हसल्या. "कोणी शिकवलं?"

सुनेनं काकूकडे पाहिलं. ती उत्तर द्यायच्या आतच काकू बोलली, "टाक्यापर्यंत जायचं हे मी सांगितलं. पण कात्री तिची तिनं चालवली. मी तिला घरी कधी कापूच दिलं नाही हो. चूक माझी."

जाड्या शिंप्यानं खोकल्यासारखं केलं.

संध्याकाळी निकालाचा कागद जिन्याजवळच्या फलकावर लागला. काकू ठेंगणी, गर्दीत तिला दिसेना. सून पुढे घुसली आणि तिथेच गप्प उभी राहिली.

"काय गं? नापास?"

"आई... मी पहिली आलेय. तुम्ही दुसऱ्या. दोन गुणांनी."

"बघू, सरक." काकूनं दोघातिघांना कोपरानं बाजूला केलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून दोन्ही ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. शेजारी एक अनोळखी बाई स्वतःचा क्रमांक शोधत होती. काकूनं तिचा दंड धरला.

"हे पहिलं नाव दिसतंय का? सून आहे माझी."

"हो का? आणि तुमचं?"

"माझं असेल खाली कुठेतरी," काकू म्हणाली. "हिचा डावा कोपरा बघायला हवा होता तुम्ही. तुकडा अजून वर ठेवलाय. चला, दाखवते."

"आई, खोलीला कुलूप लागलं असेल," सून लाजून म्हणाली.

"मग किल्ली मागू," काकू म्हणाली आणि जिना चढू लागली.