कचेरी स्टेशनाकडे

ती नोटीस मीच टाइप केली, म्हणजे बघा. टिपणीससाहेब खुर्चीत मागे रेलून तोंडाने सांगत होते आणि मी यंत्रावर उतरवत होते. चार कार्बन, पाच प्रती. पाचवी प्रत नेहमीसारखी पुसट आली, ती काशीराम शिपायाला दिली, कारण त्याला वाचता येत नव्हतं आणि त्याची तक्रार नव्हती.

आमची कचेरी म्हणजे खाडीपट्टा भात-मीठ मंडळी. पनवेलच्या बंदरावर गोदामाच्या माडीवर बसायची. आगगाडी येऊन वर्ष होत आलं होतं आणि खाडीतून पडावांनी जाणारा माल हळूहळू मालगाडीच्या वाघिणींतून जायला लागला होता. वाघीण मागायची तर अर्ज स्टेशनात, माल चढवायचा तर स्टेशनात, पावती घ्यायची तर स्टेशनात. आमचा माणूस रोज दोनदा दीड मैल चालायचा आणि साहेब म्हणायचे, आपण इथे बसून काय मासे मोजतोय का? तेव्हा कचेरीच तिकडे हलवायची ठरली. त्यात चूक काहीच नव्हती, मी खोटं कशाला बोलू.

नोटीस पण चांगली होती. माझ्याच बोटांतून गेली म्हणून सांगत नाही. 'दिनांक एक फेब्रुवारीपासून मंडळीची कचेरी स्टेशनजवळील नव्या जागेत भरेल. वेळ पूर्वीप्रमाणेच दहा ते साडेपाच. पहिले पंधरा दिवस पंधरा मिनिटे उशीर माफ. ज्यांस सायकल घ्यावयाची आहे त्यांस उचल मिळेल व ती पगारातून हप्त्याने वळती होईल. ज्यांस पायी चालवत नाही त्यांच्यासाठी बंदरावरून सकाळी साडेनऊ वाजता मंडळीचा टांगा निघेल व सायंकाळी परत आणील. अंतरामुळे दुपारी घरी जेवावयास जाण्याची सवलत बंद होत आहे, सर्वांनी डबे आणावेत. अडचण असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावी.'

डब्याच्या वाक्यापाशी माझी बोटं थांबली.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"रिबन अडकली," मी म्हणाले.

रिबन कसली अडकते, माझा जीव अडकला होता. माझं बाळ तेव्हा नऊ महिन्यांचं होतं आणि आमचं घर बंदराच्या वाटेवर, कचेरीच्या खिडकीतून दिसेल इतकं जवळ. बाळ जागं झालं की माझी सासू ओट्यावरच्या दोरीला हिरवं लुगडं टाकायची. काशीरामाचं लक्ष असायचंच. तो टेबलाशी येऊन हळूच म्हणायचा, "बाई, लुगडं लागलं." मी उतरायची, बाळाला पाजायची आणि परत वर. अकराला एकदा, तीनला एकदा, आणि मधे जेवणाची सुट्टी. साहेब त्या वेळी वर आढ्याकडे बघत बसायचे. त्यांना माहीत होतं, पण माहीत आहे असं त्यांनी कधी दाखवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आता आढ्याकडे बघून दीड मैल कापता येतो होय?

तुम्ही म्हणाल, मग लेखी का नाही कळवलंस? तेच तर. आठ दिवस दुसऱ्यांच्या अडचणी मी खटाखट टाइप करून दिल्या. काशीरामाचा गुडघा मी लिहिला. हेडक्लार्कांच्या सायकलला रात्रीसाठी दिवा हवा, तो मी लिहिला. आणि माझी अडचण काय लिहायची? 'सविनय विनंती की मला मूल आहे'? पाच पुरुषांच्या कचेरीत मी एकटी बाई. शिकवणीवर्गात यंत्रावर बसणारीही मीच पहिली, आमच्या आळीतून. हीच नोकरी देताना मंडळीच्या कमिटीत दोन जण म्हणाले होते की बाई ठेवली की रोज नवं कारण ऐका. ते मला कळलं होतं. तेव्हापासून मी ठरवलं होतं, माझ्याकडून एकही कारण ऐकू येणार नाही. माझा स्वभाव हा असा, त्याला इलाज नाही.

घरी मी नोटीस सासूला वाचून दाखवली. सासूचं नाव गुणाबाई. नवरा माझा, भगवान, एसटीत कंडक्टर, चार दिवसांतले दोन दिवस मुक्कामाला बाहेर, तेव्हा घरात बोलायला आम्ही दोघीच. आणि बोलायला म्हणजे भांडायला. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून ती म्हणत होती, "सोड ती नोकरी. पोराकडं बघ." रोज. भाकरी थापताना, भांडी घासताना, कोणी पाहुणी आली तर तिच्यासमोरसुद्धा. म्हटलं, आता हिची दिवाळी.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "परत वाच. टांग्याचं."

मी परत वाचलं.

"आन पोराचं?"

"पोराचं काही नाही त्यात."

"बरं," एवढं म्हणून ती चुलीकडे गेली. त्या दिवशी 'सोड' म्हणाली नाही. मला वाटलं, आता म्हणायची गरजच उरली नाही म्हणून.

मी खूप हातपाय मारून पाहिले. बाळाला नाचणीची पेज लावून पाहिली, तर पठ्ठ्याने अर्धी पेज माझ्या अंगावर उडवली. वाटीने दूध पाजून पाहिलं, ते गालावरून गळ्यात. शनिवारी, जुन्या जागेतल्या शेवटच्या दिवशी, कपाटं हलवण्याच्या गडबडीत मी राजीनामा टाइप केला. 'घरगुती कारणास्तव.' एकच प्रत, कार्बनशिवाय. घडी करून पिशवीत टाकला आणि जिना उतरताना रडले. उगाच नाही सांगत, चांगली रडले. मला त्या यंत्राचा आवाज आवडायचा. महिन्याचा पगार हातात घेताना माझं नाव माझ्या अक्षरात लिहायला आवडायचं. ते जाणार म्हणून रडले.

तरी वाटलं, पहिला दिवस जाऊन तरी बघावं. संध्याकाळी राजीनामा द्यावा.

सोमवारी टांगा साडेनऊला निघाला. टांगेवाला वहाब, बंदरावरचा जुना माणूस. मागे काशीराम आपला गुडघा धरून आणि मी, पुढे वहाबशेजारी खातेवह्यांचं गाठोडं. वाटेत दोन्हीकडे कापलेली शेतं आणि पुढे एकटं स्टेशन. नवी जागा छान होती. चुन्याचा वास, मोठ्या खिडक्या. माझं टेबल खिडकीशीच होतं, पण तिथून दिसायचं काय तर मालधक्का. अकरा वाजले आणि काशीरामाने सवयीने खिडकीतून बाहेर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून पाणी भरायला गेला.

बारापर्यंत माझ्या छातीत दगड झाले होते. ज्या बायकांनी मुलं पाजली आहेत त्यांना समजेल, इतरांना मी काय सांगू. मी वाघिणींच्या मागणीचा अर्ज टाइप करत होते आणि त्यात तीन चुका केल्या. मी कधी चुका करत नाही.

साडेबाराच्या सुमाराला बाहेर टांग्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, "आता कोण?"

आत आली माझी सासू. कासोट्याचं लुगडं, कपाळाला घाम, कडेवर रडून रडून लाल झालेलं पोर. मागे वहाब, थोडा घाबरलेला.

"साहेब, मावशी पोराला घेऊन चालत निघाल्या होत्या," तो म्हणाला. "मी घोड्याला पाणी पाजून येत होतो. घातलं टांग्यात. घोडा तसाही दिवसभर उभा असतो."

साहेब उठून उभे राहिले. "आजी, हा टांगा कर्मचाऱ्यांसाठी आहे," ते म्हणाले. रागाने नव्हे, बिचाऱ्यांना काय म्हणावं ते सुचलं नसेल.

सासूने पोर माझ्या मांडीत दिलं, पदराने तोंड पुसलं आणि साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. म्हटलं, झालं, आता ही नोकरीचा विषय इथेच संपवते.

"तुमचा कागद मी ऐकला," ती म्हणाली. "दोनदा ऐकला. म्हाताऱ्याचा गुडघा हाय त्यात, सायकल हाय, डबा हाय. सगल्यांचा इचार केलाव, चांगला केलाव. या पोराचा नाय केला. अडचन लिवून द्या म्हनलाव. हिला लाज वाटते. मला लिवता येत नाय. म्हनून आमी दोगं आलो."

हेडक्लार्क टाकाचं टोक पुसत राहिले. साहेबांचे कान लाल झाले.

"बाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी त्याला घ्या. ती मागची दप्तरखोली आहे, तिला आतून कडी आहे."

मी गेले. दाराच्या फटीतून यंत्राचा आवाज येत होता, एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा ठोका. टिपणीससाहेब स्वतः टाइप करत होते, एका बोटाने. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मूळ नोटिशीला पुरवणी. 'मंडळीचा टांगा रोज दुपारी बारा वाजता बंदरावरून एक जादा फेरी करील. तीत कर्मचाऱ्यांची तान्ही मुले व त्यांस सांभाळणारे माणूस यांस येता-जाता येईल. दप्तरखोली त्या वेळी मोकळी ठेवावी.' शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी त्या सुधारल्या नाहीत, तसाच फळ्यावर लावला.

"अकराचं आणि तीनचं काय?" मी विचारलं. कसं विचारलं कोण जाणे, पण विचारलं.

"त्याला थोडी पेज शिकवा," साहेब म्हणाले. "तीनची फेरी आठवडाभर चालवून बघू."

वहाब त्या दोघांना परत घेऊन निघाला तेव्हा मी टांग्यापर्यंत गेले. सासू वर चढून बसली होती, बाळ तिच्या मांडीत झोपलेलं. पिशवीतला राजीनामा मला टोचत होता, तेव्हा विचारल्याशिवाय राहवेना.

"तुम्ही तर रोज म्हणता नोकरी सोड. आज तर आपोआप सुटत होती. मग आलात कशाला?"

तिने बाळाचं डोकं नीट केलं.

"मिठागर पलीकडं हलवला तवा तुजा नवरा सा महिन्यांचा होता," ती म्हणाली. "टोपलीत घालून बांधावर ठेवायची मी त्याला. नवा आगर लय लांब. मुकादमानं कागद पन काढला नाय. कोनी इचारलं नाय, गुणा, तू कशी येशील. मी घरी बसले. सगले म्हनले, पोरासाठी सोडलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सोडायची तर तू सोड, तुज्या मनानं. मी रोज सांगीन. पन ती अशी सुटायची नाय."

वहाबने घोड्याला हाकारलं. टांगा शेतांच्या मधून बंदराकडे गेला. मी आत येऊन वाघिणींचा अर्ज पहिल्यापासून टाइप करायला बसले आणि त्याच्या कार्बन प्रतीसाठी राजीनाम्याच्या कागदाची मागची कोरी बाजू वापरली.